'क्षमस्व, मी एक भाषा मॉडेल आहे': ही खूण नेमकी कशाची?

दर काही आठवड्यांनी तेच चित्र नव्याने फिरू लागते. कुणाच्या तरी शोधनिबंधातली, बातमीतली किंवा अहवालातली एक ओळ, तिच्याभोवती लाल चौकट, आणि आत लिहिलेले असते: 'क्षमस्व, एक भाषा मॉडेल असल्यामुळे मला ही माहिती देता येणार नाही.' लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, चोर सापडला, सगळे लेखन यंत्राचे आहे, याचे नाव काळ्या यादीत टाका. दुसरा म्हणतो, एवढा गहजब कशाला, भाषा तपासायला यंत्र वापरले असेल, एक ओळ चुकून राहिली. दोन दिवस शब्दांची फेकाफेक होते, आणि जिच्यावरून वाद पेटला त्या ओळीच्या वरखाली काय लिहिले आहे हे दोन्ही बाजूंपैकी कुणीही उघडून पाहत नाही.

मी गेली बरीच वर्षे मुद्रितशोधन करते. दुसऱ्याच्या मजकुरातल्या चुका शोधणे आणि प्रत्येक चूक कुठून आली असेल याचा माग काढणे हे माझे रोजचे काम. त्यामुळे हा वाद ज्या रीतीने घातला जातो ती रीत मला पटत नाही. माझे म्हणणे असे: मजकुरात राहून गेलेली ही ओळ एका गोष्टीचा अगदी पक्का पुरावा आहे. तो मजकूर लोकांपुढे जाण्याआधी, निदान त्या जागी, कुणीही वाचलेला नाही. यंत्राने किती लिहिले, मजकूर खरा की खोटा, लेखक लबाड की घाईत असलेला, यांपैकी काहीही त्या ओळीवरून थेट कळत नाही. ते शोधावे लागते. आणि जिथे अशी ओळ सापडत नाही तो मजकूर माणसाने लिहिला, हे तर त्यावरून मुळीच ठरत नाही.

अशा ओळी मजकुरात शिरतात कशा, ते आधी पाहायला हवे, कारण अर्धे उत्तर तिथेच आहे. चॅटबॉटचे उत्तर पत्रासारखे असते. वर मायना, मधे मजकूर, खाली निरोप. 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी एक प्रस्तावना पुढे देत आहे' हा मायना. 'हवे असल्यास याचे आणखी छोटे रूप करून देतो' हा निरोप. आपल्याला हवा असतो फक्त मधला भाग, पण उत्तराखालचे कॉपीचे बटण दाबले की मायना-निरोपासकट अख्खे पत्र उचलले जाते. बटण न वापरता माउस वरून खालपर्यंत ओढला, तर पत्राबाहेरचेही काहीतरी सोबत येते. चॅटजीपीटीच्या सुरुवातीच्या काळात उत्तराच्या खाली `Regenerate response` असे लिहिलेले एक बटण असे. यंत्राने ते शब्द लिहिलेले नव्हते, ते पडद्यावरच्या बटणाचे नाव होते. तरीही ते शोधनिबंधांत छापून आले, कारण ओढणाऱ्याचा हात एक ओळ पुढे गेला. पुढे बटणावरची अक्षरे बदलली, आणि त्यामुळे आज ते दोन शब्द नाण्यावरच्या छापासारखे झाले आहेत: मजकूर साधारण कोणत्या काळात उचलला, हे त्यावरून ओळखता येते. 'माझी माहिती सप्टेंबर 2021 पर्यंतची आहे' हे वाक्यही तसेच. तेव्हाच्या मॉडेलची माहिती तिथे थांबत असे, म्हणून ते वाक्य ज्या मजकुरात आहे तो बहुधा 2023च्या आसपास उचललेला असतो.

म्हणजे 'उरलेली ओळ' या एकाच नावाखाली आपण वेगवेगळ्या गोष्टी कोंबतो आहोत. मायना, निरोप, बटणाचे नाव आणि नकार, यांचे वजन सारखे कसे असेल? तीन खरी उदाहरणे शेजारी ठेवून पाहू.

पहिले उदाहरण 'सर्फेसेस अँड इंटरफेसेस' या नियतकालिकातले, 2024 सालचे. लिथियम धातूच्या बॅटऱ्यांवरचा निबंध. त्याच्या प्रस्तावनेचे पहिलेच वाक्य सुरू होते: 'नक्कीच, तुमच्या विषयासाठी एक संभाव्य प्रस्तावना पुढीलप्रमाणे', आणि अपूर्णविरामानंतर जागाही न सोडता बॅटऱ्यांची माहिती. हा मायना आहे. यावरून काय कळते? प्रस्तावना यंत्राकडून लिहून घेतली, एवढे नक्की. प्रयोगशाळेत प्रयोग झाले की नाही, आकडे खरे की बनावट, हे या ओळीवरून कळत नाही. अशा निबंधाची प्रस्तावना म्हणजे बहुतेक वेळा आधीच्या कामाचा आढावा असतो, आणि तो कुणी सजवून घेतला म्हणून पुढचे मोजमाप आपोआप खोटे ठरत नाही. पण ते वाक्य लेखकांनी वाचले नाही, समीक्षकांनी वाचले नाही, संपादकाने वाचले नाही, जुळणी करणाऱ्याने आणि शेवटचे प्रूफ पाहणाऱ्यानेही वाचले नाही. ते कुठे आतल्या परिशिष्टात दडलेले नव्हते, प्रस्तावनेच्या तोंडाशीच होते. पुढे तो निबंध मागे घेण्यात आला.

दुसरे उदाहरण 2023 मधले, 'रिसोर्सेस पॉलिसी' या नियतकालिकातले, ई-वाणिज्य आणि इंधनाचा वापर या विषयावरचे. तिथे एका तक्त्याच्या वर लिहिले होते की एक भाषा मॉडेल असल्यामुळे मला विशिष्ट तक्ते तयार करता येत नाहीत किंवा प्रत्यक्ष चाचण्या करता येत नाहीत, त्यामुळे खरे निष्कर्ष तक्त्यात भरावेत. ही ओळ बॅटरीच्या निबंधातल्या ओळीपेक्षा किती जड आहे ते पाहा. इथे नुसता मायना राहिलेला नाही. इथे निबंधाच्या काळजाशी, निष्कर्षांच्या तक्त्यापाशी, कुणीतरी यंत्राला तक्ता मागितला होता, यंत्राने तो देता येत नाही असे सांगितले होते, आणि ते सांगणे तसेच छापले गेले. मग तक्त्यातले आकडे कुठून आले, हा प्रश्न आता शिष्टाचाराचा राहत नाही. तो मूळ नोंदी मागवूनच सुटू शकतो.

तिसरे उदाहरण मला सर्वांत अस्वस्थ करते. 'रेडिओलॉजी केस रिपोर्ट्स' या नियतकालिकात 2024 मध्ये चार महिन्यांच्या एका मुलीच्या यकृताकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांना उपचारादरम्यान झालेल्या इजेबद्दलचा वृत्तान्त आला. शेवटच्या भागात एक वाक्य सुरू होते, 'सारांश, दोन्ही बाजूंच्या उपचारजन्य', आणि तिथेच तुटून पुढे येते, 'मला अतिशय खेद वाटतो, पण मला ताजी माहिती किंवा विशिष्ट रुग्णाची माहिती उपलब्ध नाही, कारण मी एक भाषा मॉडेल आहे.' त्याच्या पुढचा सल्ला असा, की विशिष्ट रुग्णाबाबत ज्याच्याकडे रुग्णाच्या नोंदी आहेत अशा वैद्यकीय तज्ज्ञाला विचारावे. हे छापले होते डॉक्टरांच्या लेखात, डॉक्टरांसाठी, आणि ज्या बाळाच्या नोंदी त्या लेखकांशिवाय कुणाकडेच नव्हत्या त्या बाळाविषयी! केस रिपोर्ट या प्रकाराचे सगळे मोल 'या एका रुग्णात आम्ही काय पाहिले, काय केले, त्यातून काय शिकलो' यात असते. सारांश हा त्याचा गाभा. नेमका तोच यंत्राकडे मागितला गेला, आणि यंत्राने खरे तेच सांगितले: माझ्याकडे या रुग्णाची माहिती नाही. लेख नंतर काढून घेतला गेला.

तीन ओळी, तीन वजने. पहिली सांगते की सजावट बाहेरून आली. दुसरी विचारते की आकडे आहेत का. तिसरी दाखवते की ज्याच्यासाठी लेख लिहिला जातो तो विचारच बाहेर दिला गेला. या तिघांवर 'एआयने लिहिले, सापडले' असा एकच शिक्का मारला, तर सजावट करून घेणाऱ्याला आपण जास्त झोडपतो आणि आकडे नसलेल्याला कमी.

आता समोरच्या बाजूचे म्हणणे. त्यातला सर्वांत वजनदार मुद्दा मला मनापासून मान्य आहे. जगातले बहुतेक संशोधन इंग्रजीत छापले जाते आणि ते करणाऱ्या असंख्य माणसांची भाषा इंग्रजी नाही. ज्याने तीन वर्षे प्रयोग केले त्याने आपली वाक्ये यंत्राकडून नीट करून घेतली तर त्यात पाप कसले? पूर्वी हेच काम पैसे देऊन भाषातज्ज्ञांकडून करून घेतले जाई, ज्याच्याकडे पैसे नसत तो मागे पडे. शिवाय यंत्राने लिहिलेले ओळखून देतो म्हणणाऱ्या साधनांनी याच माणसांवर आधीच अन्याय केला आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी 2023 मध्ये अशी सात साधने तपासली. टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेसाठी परभाषिक विद्यार्थ्यांनी स्वतः लिहिलेले 91 निबंध त्यांना दिले, तर त्या साधनांनी सरासरीने निम्म्याहून अधिक निबंध यंत्राचे ठरवले. साधी, ठरावीक शब्दांतली इंग्रजी म्हणजे यंत्राची इंग्रजी, असा त्यांचा हिशेब. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःचे असेच साधन काढले होते. ते नीट काम करत नाही म्हणून जुलै 2023 मध्ये मागे घेतले.

पण हा मुद्दा उरलेल्या ओळीला लागू होत नाही, आणि फरक इथेच आहे. ओळख सांगणारी साधने शैलीवरून अंदाज बांधतात. गरिबाचे कपडे पाहून संशय घ्यावा, तसा तो प्रकार. उरलेली ओळ हा अंदाज नाही, ती कागदावर आहे. कुणाचीही इंग्रजी कितीही साधी असली तरी 'मी एक भाषा मॉडेल आहे' असे तो स्वतःच्या निबंधात आपणहून लिहीत नाही. म्हणून परभाषिक लेखकाची काळजी असेल तर अंदाज बांधणारी साधने सोडून देणे आणि ओळीचा अर्थ काटेकोरपणे लावणे, हेच त्याच्या बाजूचे आहे. आणि वाचण्याची जबाबदारी? ती भाषेच्या अडचणीने कमी होत नाही, उलट वाढते. ज्या भाषेत आपण कच्चे आहोत त्या भाषेत दुसऱ्याने आपल्या नावावर काय लिहिले, हे जास्त सावधपणे पाहावे लागते.

हे मी पुस्तकी बोलत नाही. गेल्या वर्षी माझ्याकडे एका संकलनाची प्रुफे आली. त्यात भूजलावरचा एक मराठी लेख होता, लेखिका त्या विषयातल्या जाणत्या. लेख वाचताना काही खटकले नाही. आठव्या पानावर एका परिच्छेदाच्या शेवटी मात्र वाक्य होते, 'तुम्हाला हवे असल्यास मी हा भाग अधिक संक्षिप्त करून देऊ शकतो.' आधी डोळा अडखळला तो 'शकतो'वर. लेखिका बाई, आणि क्रियापद पुल्लिंगी. इंग्रजीत हे कधी दिसलेच नसते. मराठीत बोलणाऱ्याचे लिंग क्रियापदात उमटते आणि यंत्र बहुतेक वेळा स्वतःला 'तो' समजून बोलते, म्हणून परके वाक्य लगेच उघडे पडले. मी बाईंना फोन केला. त्या आधी गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "अहो, लेख माझाच आहे. फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघायला दिला होता." त्यांनी मूळ खर्डा पाठवला. लेख खरोखर त्यांचाच होता, शब्दन्‌शब्द जवळजवळ तोच.

'जवळजवळ' म्हणाले, कारण मी दोन्ही प्रती शेजारी ठेवून ओळीओळीने ताडून पाहिल्या. ऱ्हस्व-दीर्घ सुधारले होते, काही वाक्ये गुळगुळीत झाली होती, आणि तिसऱ्या पानावर विहिरीची खोली खर्ड्यात 40 फूट होती ती 40 मीटर झाली होती. सव्वातीन पटीचा फरक! हे वाक्य व्याकरणाने निर्दोष होते. कुणालाही ते खटकले नसते, मला तर खटकलेही नव्हते. निरोपाची ओळ राहिली नसती तर मी खर्डा मागवला नसता आणि विहीर 40 मीटरची होऊन छापली गेली असती. बाईंवर लबाडीचा आरोप करणे साफ अन्याय ठरले असते. पण 'एक ओळ राहिली, त्यात काय' म्हणून तेवढीच ओळ खोडून पुढे जाणे हाही लेखावर आणि वाचकांवर अन्यायच होता. ओळीने एवढेच सांगितले की यंत्राकडून परत आलेली प्रत बाईंनी वाचली नव्हती. ते पुरेसे होते, कारण जिथे वाचलेले नाही तिथे काय काय बदलले असेल हे पाहणे आता माझे कामच झाले.

दुसरा तट या ओळींना पकडवॉरंट समजतो, आणि त्याच्या बाजूनेही एक भक्कम उदाहरण आहे. 2023 मध्ये इंडियाना विद्यापीठातले काइ-चेंग यांग आणि फिलिप्पो मेंत्सर यांनी ट्विटरवर 'एक भाषा मॉडेल म्हणून' अशा अर्थाचे शब्द शोधले आणि त्या धाग्यावरून 1,140 बनावट खात्यांचे एक जाळे उघड केले. ही खाती चोरलेली छायाचित्रे लावून माणसे असल्याचे भासवत आणि संशयास्पद संकेतस्थळांकडे लोकांना ओढत. चालवणाऱ्यांनी यंत्राला काही नको ते लिहायला सांगितले की यंत्र नकार देई, आणि तो नकार कुणी न पाहता तसाच पोस्ट होई. म्हणजे ओळ हा धागा म्हणून उत्तम आहे, यात शंका नाही.

पण त्या दोघांनी धागा सापडल्यावर काय केले? ते शब्द असलेल्या पोस्ट करणारी बरीचशी खाती खऱ्या माणसांची होती. कुणी गंमत म्हणून, कुणी यंत्राचा नमुना दाखवायला ते वाक्य पोस्ट केले होते. संशोधकांनी खाती तपासून माणसे बाजूला काढली, उरलेल्यांचे एकमेकांशी असलेले संबंध पाहिले, ती कोणत्या संकेतस्थळांकडे बोट दाखवतात ते पाहिले, आणि मग जाळे असल्याचे म्हटले. वाक्याने शोध सुरू झाला, वाक्यावर संपला नाही. 1440 साली इटलीतल्या लोरेन्झो वाल्ला या भाषापंडिताने चौथ्या शतकातले म्हणून मिरवणारे सम्राट कॉन्स्टंटाइनचे दानपत्र बनावट असल्याचे दाखवले, तेही असेच. त्या दस्तऐवजात रोमच्या अधिकाऱ्यांबरोबर 'सत्रप' बसवले होते, आणि त्या काळच्या रोममध्ये सत्रप नावाचे अधिकारी नव्हते. हा एक शब्द पुरेसा झणझणीत होता, तरी वाल्ला तेवढ्यावर थांबला नाही. भाषा, घटना, त्या काळचा व्यवहार, सगळे त्याने एकेक करून तपासले. चौकट काढलेले एक चित्र टाकून न्यायनिवाडा करणाऱ्यांनी यातले कोणते काम केलेले असते?

आणि ज्यांच्याकडे ओळ नाही त्यांचे काय? हा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि त्यावर कुणी भांडत नाही. संशोधक दिमित्री कोबाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या सूचीवरच्या दीड कोटीहून अधिक सारांशांतले शब्द मोजले. 2022 नंतर काही विशिष्ट शब्दांचा वापर अचानक किती फुगला, यावरून त्यांनी हिशेब मांडला, की 2024 मधल्या किमान 13.5 टक्के सारांशांना भाषा मॉडेलचा हात लागलेला आहे. कोणत्या एका सारांशाला लागला हे या पद्धतीने सांगता येत नाही, फक्त एकूण प्रमाण कळते. पबमेडमध्ये वर्षाला दहा लाखांहून अधिक नोंदींची भर पडते, तेव्हा हे प्रमाण लाखाच्या पुढे जाते. उरलेल्या ओळींमुळे उघड झालेले निबंध मात्र शेकड्यांत मोजण्याइतके. म्हणजे ओळ पकडणारी चाळणी जेवढे पकडते त्याच्या कित्येक पट मजकूर तिच्यातून सहज खाली जातो, आणि जो खाली जातो त्यात नीट वाचलेला आणि अजिबात न वाचलेला, दोन्ही असतो. ज्याने मायना-निरोप तेवढे खोडले आणि मधले 40 मीटर तसेच ठेवले, त्याच्या मजकुरावर कुणी लाल चौकट काढत नाही.

'साधने सुधारतील, या ओळी आपोआप नाहीशा होतील, मग प्रश्न मिटेल,' असेही म्हटले जाते. नाहीशा होतील हे खरे, कितीतरी आत्ताच झाल्या आहेत. पण मिटेल काय? न वाचण्याची खूण जाईल, न वाचणे राहील.

हस्तलिखित पोथ्यांच्या शेवटी नकलाकार एक श्लोक लिहीत असत: 'यादृशं पुस्तकं दृष्टं तादृशं लिखितं मया। यदि शुद्धमशुद्धं वा मम दोषो न दीयते॥' जसे पुस्तक पाहिले तसे उतरवले, शुद्ध असो की अशुद्ध, दोष मला देऊ नये. नकलाकाराला हे म्हणण्याचा हक्क होता, कारण ग्रंथ त्याचा नव्हता. समासात कुणी लिहिलेले टिपण तो ग्रंथाचा भाग समजून आत उतरवी, एक ओळ डोळ्यांतून निसटली तर पुढे जाई. पोथ्यांचा अभ्यास करणाऱ्यांनी या चुकांचा राग धरला नाही, त्यांचा उपयोग केला. दोन पोथ्यांत एकच विचित्र चूक आढळली, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरल्या असणार, असे ते ठरवत. चूक नकलेचा मार्ग दाखवी. आजच्या उरलेल्या ओळींकडे त्याच नजरेने पाहायला हवे. मात्र एक भेद विसरून चालणार नाही: आज ओळ चिकटवणारा माणूस नकलाकाराचे काम करतो आणि लेखक म्हणून सही करतो. 'मम दोषो न दीयते' म्हणायची सोय सहीबरोबर संपते. भौतिकशास्त्रातल्या 'फिजिका स्क्रिप्टा' या नियतकालिकात ऑगस्ट 2023 मध्ये छापलेल्या निबंधाच्या तिसऱ्या पानावर `Regenerate response` हे शब्द फ्रान्समधल्या तुलूझचे संशोधक गिय्योम काबानाक यांना दिसले. लेखकांनी मसुदा करताना चॅटजीपीटी वापरल्याचे प्रकाशकांकडे कबूल केले. निबंध मागे घेतला गेला तो वापर केला म्हणून नाही, तर निबंध पाठवताना तो सांगितला नाही म्हणून. मला हा निवाडा योग्य वाटतो.

यापुढची खरी चिंता प्रकाशकांच्या वागण्याची आहे. काही नियतकालिकांनी अशी ओळ कुणी दाखवून दिल्यावर ती आपल्या संकेतस्थळावरून गुपचूप पुसली. ना दुरुस्तीची नोंद, ना तारीख. आज निबंध उघडला तर वाक्य स्वच्छ, जणू तिथे कधी काही नव्हतेच. हे मला मूळ चुकीपेक्षा मोठे वाटते. एका लेखकाच्या न वाचण्याचा एकमेव पुरावा प्रकाशकाने नष्ट केला, बाकीचा न वाचलेला मजकूर जागेवर ठेवला, आणि वाचकाला सावध होण्याची जी एक संधी होती तीही काढून घेतली. माझ्या भूजलाच्या लेखात मी निरोपाची ओळ खोडून बाकीचे तसेच सोडले असते, तर नेमके हेच केले असते.

याउलट नोव्हेंबर 2025 मध्ये पाकिस्तानातल्या 'डॉन' या इंग्रजी दैनिकात मोटारींच्या विक्रीवरच्या बातमीच्या शेवटी निरोप छापला गेला: हवे असल्यास याचे आणखी चटकदार, पहिल्या पानाला शोभेल असे रूप करून देतो. छापील अंक हातात घेऊन जगभर हशा पिकला. पण दैनिकाने संकेतस्थळावर त्या बातमीखाली टीप दिली, की ही बातमी आमच्या धोरणाविरुद्ध एआय वापरून संपादित केली गेली होती, छापील बातमीत त्या संपादनातून उरलेला मजकूर राहिला होता, संकेतस्थळावरच्या आवृत्तीतून तो काढला आहे, चौकशी चालू आहे, आणि झाल्या प्रकाराचा खेद वाटतो. यंत्राने काय केले (संपादन), काय राहिले, काय काढले, हे चार ओळींत वाचकाला कळते. त्यावरून तो ठरवू शकतो की विक्रीच्या आकड्यांवर कितपत भिस्त ठेवायची. लाल चौकटीतले वाक्य फिरवणाऱ्या हजारोंपैकी किती जणांनी ती टीप उघडून पाहिली असेल? मी पाहिली, आणि लगेच बातमीतले आकडे वाचायला परत वर गेले.